सनद की पगार

प्रिय सुहास,

काल सिटी सिव्हिलमध्ये मी एकट्यानं अ‍ॅड-इंटरिम मनाई घेतली. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "म्हणजे केस संपली का?" तेव्हा हे तुलाच लिहायला हवं असं वाटलं.

महापालिकेची ३५१ ची नोटीस होती, दुकानामागची शेड पाडण्याची. सर हायकोर्टात पार्ट-हर्ड मॅटरमध्ये अडकले आणि इकडे आमचं पुकारलं. मी पासओव्हर मागायला उभा राहिलो, तर जजसाहेब म्हणाले, "पेपर्स तुमच्याकडे आहेत ना? मग तुम्हीच सांगा. बांधकाम १ एप्रिल १९६२ च्या आधीचं आहे हे कशावरून?" दुकानांना हीच डेटम लाइन, सगळी केस तिथंच अडते. असेसमेंटचा जुना उतारा वॉर्ड ऑफिसमधून मीच काढून आणला होता. १९६१-६२ च्या नोंदीत शेडचा वेगळा उल्लेख आहे, ते पान मी उघडून दिलं. पालिकेचे वकील म्हणाले, तेव्हाची शेड लहान होती, नंतर वाढवली. मी म्हणालो, उताऱ्यात माप नाही, तो पुराव्याचा प्रश्न. पण आज पाडली तर पुरावा कशाचा देणार? पालिकेचं उत्तर येईपर्यंत पाडकाम नको, अशी ऑर्डर झाली.

आणि त्याच संध्याकाळी ऑफर लेटर आलं. एका कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटचं, महिना ७५ हजार. सर मला १५ देतात. बार कौन्सिलनं २०२४ मध्ये शहरातल्या ज्युनिअरला २० हजार द्यावेत असं सुचवलं, पण ती नुसती शिफारस. डोंबिवलीतली खोली, पास आणि डबा यांतच माझे पैसे संपतात. बाबांच्या गोळ्या चालू आहेत, तब्येत ठीक आहे.

पण अडचण पगाराची नाहीच. नियम ४९ तुला पाठ आहे, होस्टेलवर माझ्याशी त्यावरून रात्रभर भांडला होतास. पूर्णवेळ पगारी नोकर झालो की बार कौन्सिलला कळवायचं, सनद स्थगित, नोकरी आहे तोवर प्रॅक्टिस बंद. कोर्टात जाईन, पण मागच्या बाकावर बसून आमच्या वकिलाच्या कानात सांगायला. शिवाय मे २०२५ च्या निकालानं सिव्हिल जजच्या परीक्षेला तीन वर्षांची प्रॅक्टिस पुन्हा सक्तीची झाली, आणि माझी तीन वर्षं भरायला थोडेच महिने उरलेत. आत्ता गेलो तर मोजणी तिथंच थांबेल. रिटेनरवर घ्या, आठवड्यातले तीन दिवस देतो, असं मी विचारून पाहिलं. एचआरनं सांगितलं, पेरोलवरच.

केतकी म्हणते लॉ फर्ममध्ये ये. तिथं बहुतेकांना रिटेनरवर ठेवतात, पगार धरत नाहीत, म्हणून सनद चालू राहते, आणि मोठ्या फर्मचे पैसे तर कंपनीहूनही जास्त. पण ती लिटिगेशन टीममध्ये असूनही उभी कुठे राहते? लिस्ट ऑफ डेट्स करायची, कम्पायलेशन लावायचं, काउन्सेलला ब्रीफ करायचं, बोलतात काउन्सेल. तिचं ड्राफ्टिंग माझ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ झालंय, हे मान्य. तिचा पार्टनर तिला एक परिच्छेद पाच वेळा लिहायला लावतो. तू म्हणायचास ना, फर्ममध्ये वकील होत नाही, कारकून होतो? ते चूकच होतं. आजही भांडायला तयार आहे.

चेंबर म्हणजे शिकवण, हेही सरसकट खरं नाही. माझ्या पहिल्या चेंबरमध्ये मी नुसत्या तारखा घेतल्या आणि ऑफिस ऑब्जेक्शन्स काढली. ड्राफ्ट दिला की थेट फाइल व्हायचा, कुणी वाचतच नसे. सध्याचे सर लाल पेनानं पान भरून टाकतात आणि विचारतात, "ही प्रेयर का मागितलीस?" काल पान सापडलं ते त्या लाल पेनामुळं. पण ते मला स्वतःचे वकालतनामे घेऊ देत नाहीत, आणि तिथंच माझं घोडं अडलंय. स्वतःची चार-पाच मॅटर्स असती तर १५ हजारांवर तगलो असतो.

म्हणून ठरवलंय, सोमवारी सरांना तेच विचारायचं: पैसे वाढवू नका, पण माझी मॅटर्स घेऊ द्या. नाही म्हणाले तर मंगळवारी कंपनीला काय कळवायचं, ते तू सांग. तुझा सल्ला कधीच ऐकत नाही, तरी सांग.

तुझं कोल्हापूरच्या सर्किट बेंचवर कसं चाललंय? मुंबईला यायचे कष्ट वाचले असतील. वहिनींना नमस्कार, पिल्लाला पापा. आणि बेंचवर काम खरंच वाढलं असेल, बाहेरून आलेल्या ज्युनिअरला तिथं उभं राहायला मिळत असेल, तर रविवारी रात्रीपर्यंत फोन कर. सरांशी बोलण्याआधी मला ते माहीत हवं.

तुझा,
मंदार