सोशल मीडिया ऑटोमेशनच्या पदाबाबत सूचना

सर्व सभासदांना विनंती की, या पदाच्या कामाचे वर्णन लिहिताना केवळ ‘पोस्ट वेळेवर टाकणे’ असे न लिहिता, खात्यावर आपोआप पोस्ट टाकण्याची परवानगी देणाऱ्या टोकनची मुदत सांभाळणे हे पहिले काम म्हणून नोंदवावे. इन्स्टाग्रामचे दीर्घ मुदतीचे टोकन 60 दिवसांनी संपते; आमच्याकडे ते संपले तेव्हा वेळापत्रकात सर्व पोस्ट व्यवस्थित दिसत होत्या, पण खात्यावर चार दिवस काहीच आले नाही आणि लॉगमधली टोकन अवैध झाल्याची `190` ही त्रुटी कोणी पाहिलीच नव्हती. म्हणून 50व्या दिवशी टोकनचे नूतनीकरण करणे आणि रोज सकाळी लॉग तपासून पोस्ट खात्यावर प्रत्यक्ष उमटली का ते पाहणे, ही जबाबदारी स्पष्ट लिहावी. खात्याची मालकी मात्र नेमलेल्या व्यक्तीच्या नव्हे, तर कंपनीच्याच ईमेलवर ठेवावी, असा आमचा आग्रह आहे.