विषय : "मधोमध लावा" हा सल्ला आणि तुमचा रिपीटर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आत्ताच तुमच्या ग्राहक सेवेतल्या मुलीने माझा फोन ठेवून दिला, म्हणून लिहितोय. तक्रार क्रमांक तुमच्याकडे आहेच, दर वेळी नवीन देता.

अंबाजोगाईत आमचं जुनं माळवदाचं घर आहे. भिंती दगडमातीच्या, दोन फूट जाडीच्या. पुढे बैठक, मग उघडा चौक आणि चौकापलीकडे नातीची अभ्यासाची खोली. राउटर बैठकीच्या कोपऱ्यात आहे, कारण फायबरची वायर तिथूनच आत येते. नातीच्या खोलीत नेट येत नाही, म्हणून तुमचा रिपीटर घेतला. राउटरपासून ती खोली साधारण पन्नास फूट. तुमचं पत्रक म्हणतं 'मधोमध', तुमचा माणूस म्हणतो 'मधोमध'. पंचवीस फुटांवर आमचं माजघर येतं. राउटर आणि माजघर यांच्या मध्ये ती दोन फुटी भिंत, आणि भिंतीला टेकून लोखंडी कपाट.

माजघरात रिपीटर बंद ठेवून मोबाईलवर राउटरचा सिग्नल मोजला, तर -76 डीबीएम, म्हणजे कमजोर; हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार. त्याच जागी स्पीड 9. प्लॅन 50 चा आहे. रिपीटर चालू केला की नातीच्या खोलीत स्पीड 3 ते 4. हे होणारच. एक बँडचा तुमचा डबा एकाच चॅनेलवर आधी ऐकतो, मग तेच पुढे बोलतो, त्यात निम्मा वेग जातो. 9 चे निम्मे किती, हे तुमच्या कार्यालयात कोणीतरी सांगू शकेल. विहिरीत पाणी नसेल तर मोटार कितीही दमदार असो, पाइपातून हवाच येणार.

आता आजचं बोलणं जसंच्या तसं.

"सर, रूममध्ये फोनवर किती दांड्या दिसतात?"
"सगळ्या."
"मग नेट फुल आहे सर. प्रॉब्लेम तुमच्या प्रोव्हायडरचा आहे."

मी म्हणालो, बाई, त्या दांड्या माझ्या फोनच्या आणि तुमच्या डब्याच्या. राउटरकडून डब्याला किती मिळतं ते त्यात कुठं दिसतं? त्यावर ती म्हणाली, "सर, रिपीटर मधोमध लावलाय ना? हिरवा लाइट आहे ना?" आहे. जोडणी लागली की तो दिवा हिरवाच, मग सिग्नल -55 असो की -76! दिव्याचा उपयोग देवघरात जास्त झाला असता. मी परत भिंतीचं सांगायला लागलो, तर पलीकडून आलं : "सर, घरात कोणी शिकलेलं असेल तर त्यांना फोन द्या ना."

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालोय. लाइनवर किती डेसिबल गळतात हे मोजण्यातच माझी नोकरी गेली. संयमाने लिहायचं ठरवलं होतं, पण आमच्या घरातला शिकलेला माणूस तुम्हाला नक्की कुठल्या वर्गापर्यंतचा चालतो, तेवढं एकदा कळवा.

डबा शेवटी मीच हलवला. बैठकीच्या दाराच्या चौकटीजवळ एक बोर्ड आहे, राउटरपासून बारा फुटांवर. फुटांच्या हिशोबात ते मधोमधच्या बरंच अलीकडे. पण तिथून राउटर सरळ दिसतो, मध्ये भिंत नाही, आणि दारातून चौक ओलांडून नातीच्या खोलीची खिडकीही समोर. तिथे राउटरचा सिग्नल -54 आणि स्पीड 45. खोलीत रिपीटरचा सिग्नल -66, स्पीड 20. दांडी एक कमी दिसते, पण नातीचे ऑनलाइन तास आता अडकत नाहीत. दार लाकडी आहे, ते लावलं तरी थोडाच फरक पडतो. त्याच्याही अलीकडे, राउटरशेजारी लावून बघितला, तर खोलीत परत काहीच येत नव्हतं, कारण भिंत तीच मध्ये आली.

म्हणजे टेपने अंतर मोजून उपयोग नाही. आधी रिपीटर बंद ठेवून मोबाईल घेऊन राउटरपासून चालत जायचं. सिग्नल -65 च्या खाली जायच्या आत थांबायचं. त्या पट्ट्यात जिथून पलीकडची खोली कमीत कमी भिंतींतून गाठता येते, ती जागा. एवढं पत्रकात छापायला तुम्हाला किती शाई लागते?

आणि "मधोमध" म्हणून मला माजघरात डबा लावायला लावलात, हे परत लिहितो, कारण फोनवर तुमच्या कोणाच्याच टिपणात ते गेलेलं नाही.

तुमच्या कंपनीचंच राउटर मी गावात दोघातिघांना घ्यायला लावलं होतं. आता तोंड दाखवायची लाज वाटते.

मला हवंय ते असं : पत्रक दुरुस्त करा, आणि "कोणी शिकलेलं असेल तर" या वाक्याबद्दल लेखी माफी द्या. कॉल रेकॉर्ड होतो असं तुम्हीच सुरुवातीला सांगता, तेव्हा ऐकून घ्या. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर 1915 वर नोंद करीन आणि बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकीन. निवृत्त माणूस आहे, तारखांना यायला मला वेळच वेळ आहे.

एक ग्राहक, अंबाजोगाई

ता. क. : "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" ही टेप तरी बदला.