फेब्रुवारीची फी आईच्या खात्यातून

स्टुटगार्ट
१४ डिसेंबर २०२५

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर बाबा म्हणाले, "युरो एकशे सहाला टेकलाय, पाच लाखांची एफडी मोडतो आणि पाठवून टाकतो एकदाचे." मी नको म्हटलं, पण दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, कारण सांगायला सवड झाली नाही. म्हणून हा हिशेब.

बाबा, मे महिन्यात तुम्ही माझ्या राहण्याखाण्यासाठी ब्लॉक्ड अकाउंटला भरलेले ११,९०४ युरो ९७च्या भावाने घेतलेले आहेत. त्यातून मला महिन्याला ९९२ मिळतात. रुपया आता कितीही पडला तरी त्या पैशाला धक्का लागत नाही.

मला जड गेला तो ऑक्टोबर. आल्यावर आधी पत्त्याची नोंदणी, मग इथल्या बँकेत खातं, आणि मगच तो पहिला हप्ता सुटतो. माझा २४ तारखेला आला. घरमालकाला मात्र १ तारखेलाच पैसे हवे होते. हीटिंग वगैरे धरून भाडं ४३०, आणि डिपॉझिट तीन महिन्यांचं म्हणजे १,०५०. डिपॉझिट मोजताना हीटिंग वगळून नुसतं ३५० भाडं धरतात आणि ते तीन हप्त्यांत द्यायची मुभा कायद्यानेच आहे, हे वेळेवर कळलं म्हणून निभावलं. भाडं आणि पहिला हप्ता ७८०, आरोग्यविमा १४५, गादी-पांघरूण-भांडी ११०, खाणंपिणं आणि फोन २६०. ठाण्याहून आणलेल्या १,५०० युरोंतले २३ ऑक्टोबरला २०५ उरले होते. तुम्हाला तेव्हा "सगळं छान" सांगितलं होतं. आई, रागावू नकोस.

नोव्हेंबर-डिसेंबरही ओढाताणीचेच. ९९२ मधून भाडं, डिपॉझिटचा हप्ता आणि विमा गेला की ६७ युरो राहतात, म्हणजे जेवणखाण मागच्या शिलकीतून. त्यात थंडीचं जाकीट आणि बूट. जानेवारीपासून डिपॉझिट संपेल, मग हाताशी ४१७ राहतील आणि मी स्वयंपाक घरी करते, त्यामुळे पुरतील.

आता नोकरी. बेकरीत शनिवार-रविवार पहाटे साडेपाचला हजर व्हायचं, गोठवलेले ब्रेट्झेल ट्रेवर मांडायचे, मीठ भुरभुरायचं आणि सहाला शटर वर. आठवड्याला दहा तास, ताशी १२.८२ युरो, जानेवारीपासून १३.९०. पण मी रुजू झाले नोव्हेंबरच्या मध्यावर आणि अर्ध्या महिन्याचा पगार परवा, १२ डिसेंबरला, आला: २५६ युरो. म्हणजे इथे पाय ठेवल्यापासून अडीच महिन्यांनी पहिली कमाई. शेजारच्या खोलीतल्या मुलाने निघतानाच पगार धरून भाड्याचं गणित मांडलं होतं, तो आता मित्राचं उधार फेडतोय. परीक्षेच्या दिवसांत माझेही तास कमी होतील. म्हणून पगार भाड्यात धरायचाच नाही, तो फीसाठी बाजूला.

फी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये धरलेली नसते, हे आपण तिघेही विसरलो होतो. जर्मनीत फी नाही असं सगळे सांगतात, पण हे राज्य आपल्यासारख्यांकडून सत्राला १,५०० घेतं. वर सत्रशुल्क धरून साधारण १,७००, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. त्यातले ७०० मी पगारातून भरेन. तुम्ही फक्त १,००० पाठवा. बँक १०७ लावेल, म्हणजे एक लाख सात हजार. भाव आणखी पाच रुपयांनी चढला तरी फरक पाच हजारांचा. एवढ्यासाठी एफडी मोडून व्याज कशाला कापून घ्यायचं?

आणि हे पैसे आईच्या खात्यातून जाऊ देत. बाबांच्या पॅनवर या आर्थिक वर्षात परदेशी पाठवायच्या पैशांची १० लाखांची मर्यादा मे महिन्यातच ओलांडली, म्हणून वरच्या रकमेवर ५% टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ घेतलेला कर, लागला. ऑगस्टच्या फीवरही लागला. दोन्ही मिळून साडेसोळा हजार अडकलेत. ते बुडालेले नाहीत, बाबांच्या कराच्या उताऱ्यात, २६एएसमध्ये, दिसतील आणि जुलैमध्ये रिटर्न भरताना वळते होतील. आईच्या पॅनवर मात्र अजून एक रुपयाही परदेशी गेलेला नाही, त्यामुळे तिला टीसीएस लागणार नाही.

आई, फॉर्मवर उद्देश म्हणून S0305, म्हणजे परदेशी शिक्षण, आहे ना बघ. आणि बँकांचा खर्च कोणाचा, तिथे OUR, म्हणजे आपला, यावर खूण कर. ऑगस्टमध्ये बाबांनी ते रिकामं सोडलं, मधल्या बँकेने १५ युरो कापले आणि तेवढ्यासाठी माझा प्रवेश आठवडाभर लटकला.

भावाची खरी चिंता करायची ती पुढच्या वर्षाच्या ११,९०४ ची. तिथे पाच रुपये चढले की साठ हजारांचा फटका. ती रक्कम एप्रिलनंतर, नवीन आर्थिक वर्षात, तुम्ही दोघांनी निम्मी-निम्मी, तीन-चार वेळा थोडी थोडी पाठवा. एका दिवसाच्या भावावर सगळं टांगायला नको, आणि दोघांच्याही मर्यादेत बसेल.

एफडी मार्चमध्येच पिकतेय ना? आपोआप नूतनीकरण होऊ देऊ नका, तेवढं बँकेत आधी लिहून द्या.

तुमची,
मनू