अक्षर मोठे, पण बटण कुठे?

‘ज्येष्ठांसाठी सोपी संकेतस्थळे’ हा लेख वाचला. अक्षरे मोठी हवीत हे लेखातील मत पटले, पण तेवढ्याने काम भागत नाही. दादरच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात अर्ज भरायला मदत करताना एक अडचण नेहमी दिसते. आजोबा अक्षर दुप्पट करतात आणि ‘पुढे’ हे बटण पडद्याबाहेर जाते. पानाची रुंदी पिक्सेलमध्ये पक्की बांधल्याने असे होते. ती पडद्यानुसार बदलती ठेवली, तर मजकूर खालच्या ओळीत वळतो आणि बटण जागेवर राहते. अक्षर २०० टक्क्यांपर्यंत, म्हणजे दुप्पट, वाढवले तरी मजकूर वा सोय हरवू नये, असे संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीचे डब्ल्यूसीएजी हे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात.

दुसरा अडसर वेळेचा. चष्मा शोधून ओटीपी वाचेपर्यंत मुदत संपते आणि भरलेला सगळा अर्ज पुसला जातो. याचा मनस्ताप फार होतो. मुदत संपण्याआधी सूचना द्यावी आणि ती एका साध्या कृतीने वाढवायला किमान २० सेकंद मिळावेत, हेही त्याच निकषांत आहे. संकेतस्थळ खुले करण्यापूर्वी सत्तरीच्या चार-पाच जणांना शेजारी बसवून, मध्ये न बोलता, पूर्ण अर्ज भरू द्यावा. ते कुठे अडतात ते लगेच दिसेल.

– एक वाचक, दादर, मुंबई