आधी केळीची साल, मग चंदेरी रंग

मालवण

प्रिय नंदा,

केसांचा फोटो पोचला. गणपतीच्या आधी चंदेरी करून दे म्हणतेस, पण हे काम एका बैठकीत होत नाही गं, म्हणून सगळं नीट लिहिते.

चंदेरी रंग काळ्यावर चढत नाही. आधी केसातला काळा काढावा लागतो, आणि तो निघताना खालून लाल, मग नारिंगी, मग पिवळा दिसत जातो. केळीच्या सालीची आतली बाजू असते ना, तितका फिका पिवळा आला की मगच टोनर, म्हणजे वरून छटा देणारा हलका रंग, लावायचा. आमच्या मोजणीत काळे केस दोन-तीन नंबरचे, आणि हा फिका पिवळा दहाचा.

गेल्या मे महिन्यात कुडाळची एक मुलगी आली होती, केस तुझ्यासारखेच. एक भाग ब्लीच पावडर, त्यात कालवायला दोन भाग सहा टक्क्यांचा डेव्हलपर, म्हणजे पेरॉक्साइडचं पातळ क्रीम. टाळूच्या उबेने मुळं लवकर उजळतात, म्हणून ती शेवटी घेतली. पाऊण तासात केस हापूसच्या गरासारखे झाले. तिथेच धुतले आणि तीन आठवडे थांबले. दुसऱ्या खेपेला गडद पिवळा आला. तिची घाई होती आणि मी बधले, निळसर राखाडी टोनर लावला. पिवळ्यावर निळा पडला आणि केस शेवाळी दिसायला लागले. चूक माझीच. तिसऱ्या खेपेला सालीचा रंग आणला, मग जांभळ्या छटेचा टोनर लावला, कारण पिवळ्याला जांभळाच मारतो. दर दोन-तीन मिनिटांनी एक बट टॉवेलने पुसून बघत होते. टोकं कोरडी असतात, रंग पटकन पितात, जास्त राहिला तर तीच जांभळट होतात.

प्रत्येक बैठकीआधी ओला केस ताणून बघते. रबरासारखा लांबला आणि मागे आला नाही, तर त्या दिवशी ब्लीच नाही. मग तू कितीही रुसलीस तरी.

आता पिवळेपणाचं. टोनर धुण्यागणिक उतरतो आणि खालचा पिवळा डोकावतो. त्यासाठी आठवड्यातून एकदाच जांभळा शाम्पू, तीन-चार मिनिटं. रोज वापरलास तर केस मळकट दिसतील. पण आपल्याकडे खरा त्रास पाण्याचा. तुमच्या विहिरीच्या पाण्याने पांढऱ्या बादलीच्या तळाशी तांबूस साका बसतो, आठवतं? ते लोखंड आहे, आणि उघड्या पडलेल्या केसात ते शिरतं. शेवटचं पाणी फिल्टरचं घे, पावसात पागोळ्यांचं धरून ठेवलंस तर उत्तमच. महिन्यातून एक-दोनदा क्षार काढणारा शाम्पू. केसांची इस्त्री फार तापवू नकोस, तिनेही पिवळं पडतं. समुद्रावर जाताना डोक्याला ओढणी.

एक मात्र खरं सांग, पाकिटातली काळी मेंदी लावतेस का? तिच्यात धातूचे क्षार असले तर ब्लीचशी गाठ पडून केस तापतात, तुटतात. म्हणून कानामागची काडीएवढी बट कापून कागदात गुंडाळून पाठव. इथे वाटीत ब्लीच करून बघते, मग कळवते किती बैठका लागतील.

तुझी,
शुभा