तुझ्या तीन कर्जांचा क्रम

ठाणे (पश्चिम)

प्रिय सुनील,

सप्रेम नमस्कार. तू कळवलेल्या आकड्यांवरून मी महिनावार हिशेब मांडला. पतपेढीचे २०,००० रुपये वार्षिक १२ टक्क्यांनी, वैयक्तिक कर्जाचे ४०,००० रुपये वार्षिक १८ टक्क्यांनी आणि क्रेडिट कार्डाचे ८०,००० रुपये दरमहा ३ टक्क्यांनी देणे आहे. तिन्हींचे व्याज घटत्या शिलकेवर धरले. किमान हप्ते अनुक्रमे १,०००, २,००० आणि ४,००० रुपये आहेत. ते भागवून तुझ्या १५,००० रुपयांतले ८,००० दरमहा उरतात. प्रश्न एवढाच की, ते आधी कोणत्या कर्जात घालायचे.

तुझ्या मनातली स्नोबॉल पद्धत, म्हणजे सर्वांत लहान कर्ज आधी, घेतली तर पतपेढी तिसऱ्या महिन्यात आणि वैयक्तिक कर्ज सहाव्या महिन्यात संपते. मात्र तोवर कार्डाची शिलक जेमतेम हलते, कारण ४,००० रुपयांच्या हप्त्यातले २,००० हून अधिक व्याजातच जातात. एकूण व्याज सुमारे २२,५१६ रुपये होते. सर्वाधिक दराचे कर्ज आधी, ही ॲव्हलांच पद्धत घेतली तर कार्ड आठव्या महिन्यात मिटते आणि एकूण व्याज १७,००७ रुपयांवर येते. गंमत अशी की, दोन्ही वाटांनी तू अकराव्या महिन्यातच मोकळा होतोस. ५,५०९ रुपयांचा सगळा फरक शेवटच्या भरण्यात दिसतो, एकीकडे १२,५१६ आणि दुसरीकडे ७,००७ रुपये. कार्डाच्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मी धरलेला नाही. तो धरला की ही तफावत आणखी वाढते.

तरीही तुझ्या रबाळ्याच्या कंत्राटी नोकरीमुळे मी एका गोष्टीपाशी थांबलो. सहा महिन्यांनी काम सुटले, तर स्नोबॉलमध्ये फक्त कार्डाचे ४,००० रुपये बंधनकारक उरतात, तर ॲव्हलांचमध्ये एकूण देणे २,३०० रुपयांनी कमी असूनही तिन्ही हप्ते, म्हणजे ७,००० रुपये, चालूच राहतात. कंत्राट आठ महिने टिकण्याची खात्री असेल, तर कार्ड आधी मिटवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. खात्री नसेल, तर पतपेढी आधी संपवून मग कार्डाकडे वळणे मला पटेल.

पतपेढीचा दर फ्लॅट, म्हणजे मूळ रकमेवर शेवटपर्यंत लागणारा, तर नाही ना, हे मात्र आधी विचार. वर्षभराच्या हप्त्यांसाठी १२ टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकेवर २१ टक्क्यांहून अधिक. तसे निघाल्यास ते कर्ज क्रमात वैयक्तिक कर्जाच्या वर जाईल, पण मुदतीपूर्वी भरल्यास व्याजात सूट मिळते का, हेही तेथे पाहावे लागेल. वैयक्तिक कर्जात जादा रक्कम भरताना ती मुद्दलात वळती करण्याची लेखी विनंती कर आणि मुदतपूर्व भरण्याचे शुल्क विचारून घे. फेड चालू असताना कार्डावर नवी खरेदी करू नकोस, कारण मागची बाकी असताना नव्या खर्चावर पहिल्या दिवसापासून व्याज लागते.

कंत्राटाचे काय ते कळले की लिही, म्हणजे हप्त्यांचा तक्ता त्याप्रमाणे करून पाठवतो.

तुझा,
मिलिंद