राझींनी लिहून ठेवलेली चूक

संपादक महाशय,

मध्ययुगीन बगदाद आणि तेहरानजवळच्या रय शहरात रुग्णालये चालवणारे अबू बक्र अल-राझी (मृत्यू सुमारे 925) शिकवत कसे, हे वाचून मी थक्क झालो. त्यांच्यासमोर शिष्य बसत, त्यांच्यामागे शिष्यांचे शिष्य. रुग्ण आधी सर्वांत मागच्यांना व्यथा सांगे. त्यांना उलगडा झाला नाही तर पुढच्या रांगेकडे जाई, आणि सगळे अडले की राझी बोलत.

ते रुग्णांच्या नोंदीही ठेवत. अब्दुल्ला इब्न सवादाला ताप कधी रोज, कधी दिवसाआड, कधी सहा दिवसांनी येई. आधी थोडी हुडहुडी भरे, लघवीही वारंवार होई. हा चौथ्या दिवशी उलटणारा ताप होईल किंवा मूत्रपिंडात व्रण असेल, असे राझी म्हणाले. लवकरच लघवीतून पू आला. उभे राहताना कंबरेला ओझे लटकल्यासारखे वाटते, हे रुग्णाने सांगितले नव्हते आणि आपणही विचारले नाही, अशी कबुली त्यांनी नोंदीतच दिली आहे. असा केसपेपर मी क्वचितच पाहिला आहे!

त्याच काळात बगदादचे मुख्य वैद्य सिनान इब्न साबित यांनी वजिराला विचारले, ज्यूबहुल गावांत फिरत्या वैद्यांनी उपचार करावेत का? रुग्णालयात मुस्लिमेतरांवरही उपचार होतातच, हेही त्यांनी कळवले. गावांतही ते करणे योग्यच, असे वजिराचे उत्तर आले. मात्र मुसलमानांना आधी, असा क्रमही त्यात होता. तोही सांगायला हवा.

– एक निवृत्त डॉक्टर, सांगली